बस चुकली त्याचं कार्ड

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना वाकून नमस्कार. (वाकताना कमरेत कळ आली, पण ती फुलांच्या बादल्या उचलून आलेली आहे, तुमच्याबद्दलच्या आदरात काही कमी नाही.) भावजींचा गुडघा आता कसा आहे? जिने चढू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय आणि ते मुद्दाम चढतात, असं तू फोनवर म्हणालीस. त्यांना सांग, गुडघ्यावर सूड उगवून काही मिळत नाही. भाचीची परीक्षा कशी गेली ते मी विचारणार नाही, कारण मागच्या वेळी विचारलं तेव्हा तिनं मला आठवडाभर 'मामा' म्हणायचं सोडून दिलं होतं. आत्या ठणठणीत आहे. सकाळी माझ्याआधी दुकानात येते, गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर बसते, आणि दुकान आपलंच आहे अशा थाटात माझ्यावर लक्ष ठेवते. माझी तब्येतही उत्तम आहे. का उत्तम आहे, ते सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलंय, तेव्हा चहा घेऊन बस. पत्र लांबणार आहे.

तुला माहीतच आहे की प्रेमाचा तो दिवस म्हणजे आम्हा फुलवाल्यांची लढाई. आठवडाभर आधीपासून गुलाबांची खोकी येतात. प्रत्येक दांडीवरचे काटे काढायचे, खालची पानं खुडायची, दांडी तिरकी कापून लगेच गार पाण्यात उभी करायची. बाहेरच्या दोन-तीन डागाळलेल्या पाकळ्या असतात, त्या शेवटच्या क्षणापर्यंत काढायच्या नाहीत, कारण त्याच आतल्या फुलाला सांभाळतात. हे सगळं हमालीचं काम. त्यातली खरी कला म्हणजे कार्ड. गुच्छात ती प्लॅस्टिकची काडी खोचलेली असते ना, टोकाला चिमटा असलेली, त्या चिमट्यातलं तळहाताएवढं कार्ड. गिऱ्हाईक पेन हातात घेतं आणि जागच्या जागी दगड होतं. मोठमोठे लोक, दिवसभर दुसऱ्यांना झापणारे, माझ्याकडे बघून हळूच विचारतात, "काय लिहू हो?" आणि मी सांगतो. या बाबतीत माझा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही, हे मी नम्रपणे नमूद करतो.

माझं शास्त्र सोपं आहे. ओळख किती जुनी आहे ते आधी विचारायचं. चाळीस वर्षांचा संसार असेल तर काहीही लिहा, चालतं. पुढच्या माणसाला तुमचे सगळे दोष पाठ असतात, त्यामुळे थोडी अतिशयोक्ती झाली तरी धोका नसतो. नवीन ओळख असेल तर मात्र जपून. नवीन माणसाला 'जन्मभर', 'कायम', 'तुझ्याविना' असले शब्द पाठवले की ते बिचारं फुलं हातात धरून दाराकडे बघायला लागतं. आणि 'प्रेम' हा शब्द पहिल्यांदा कार्डावर तर कधीच लिहायचा नाही. तो समोर बसून म्हणायचा असतो, म्हणजे पुढच्याचा चेहरा कसा होतो ते दिसतं आणि गरज पडल्यास खोकता येतं. नवीन माणसाला दोन ओळी पुष्कळ. त्यांतली एक अशी हवी की जी फक्त त्या दोघांनाच कळेल, कारण कार्ड ज्याचं असतं तो ते कधीच पहिला वाचत नाही. आधी वॉचमन वाचतो, मग शेजारच्या टेबलावरची बाई. कार्डात प्रश्न विचारायचा नाही, कारण प्रश्न विचारला की उत्तराची वसुली सुरू होते. आणि मागच्या बाजूला तर काहीच लिहायचं नाही. कार्ड उलटून कोणीही बघत नाही. एवढ्या वर्षांत मी एकही माणूस कार्ड उलटताना पाहिलेला नाही.

आता मुद्द्यावर येतो. (तू मघापासून 'मुद्दा काय' म्हणत असशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे.) आमच्या समोर रस्त्यापलीकडे औषधांचं दुकान आहे ना, ते चालवणाऱ्या बाई. गेले दोन-तीन महिने दुकानं बंद झाली की आम्ही दोघं चहा घेतो. तू लगेच 'आमचं ठरलंय' असं आख्ख्या खानदानाला सांगत सुटशील म्हणून तुला बोललो नव्हतो. ठरलेलं काहीच नव्हतं. एकमेकांना अजून अहो-जाहो करत होतो. एकदा मात्र तिला फुलांचा घाऊक बाजार बघायचा होता, म्हणून पहाटे तिला घेऊन गेलो. येताना बसस्टॉपवर मी तिला ताजा गुलाब कसा ओळखायचा ते दाखवत होतो. कळीच्या बुडाशी, देठाला लागून हलकंच दाबायचं. घट्ट लागली तर आजची, मऊ लागली तर कालची. या सगळ्या दाबादाबीत आमच्या डोळ्यांसमोरून बस निघून गेली. पुढची बस येईपर्यंत आम्ही त्या बाकावर बसलो, एक बिस्किटाचा पुडा संपवला, आणि ताई, खरं सांगतो, मला ती दुसरी बस आली त्याचा राग आला. तेव्हा मला कळलं की प्रकरण साधं नाही.

तर प्रेमाच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आत्या घरी गेल्यावर मी या बाईंसाठी कार्ड लिहायला बसलो. म्हटलं, हा तर आपल्या हातचा मळ. पहिल्या कार्डावर लिहिलं, 'तुझ्या येण्यानं उरलेले सगळे दिवस तुझेच झाले.' वाचलं आणि मलाच घाम फुटला. बाजूला ठेवलं. दुसऱ्यावर विनोद केला, 'मी फुलं विकतो, ही मात्र फुकट.' यात विनोदाच्या आड लपायचा बेत उघड दिसत होता, शिवाय कंजूषपणाचा वास येत होता. तेही बाजूला. मग एकावर तिच्या डोळ्यांचं वर्णन केलं, एकावर नुसतं नाव लिहिलं, एकावर 'तू' लिहिलं आणि खोडलं, एकावर 'तुम्ही' लिहिलं तर ते घरमालकाला पाठवल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी एका कार्डावर लिहिलं, 'त्या दिवशी बस चुकली ते फार बरं झालं. पुढचीही चुकली तरी चालेल.' हे लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. दोन ओळी, दोघांनाच कळणाऱ्या. माझ्या शास्त्रात चपखल बसणारं कार्ड. पण 'पुढचीही' या शब्दापाशी मी अडलो. पुढचं म्हणजे भविष्य. भविष्य म्हणजे 'कायम'चा धाकटा भाऊ. तिला वाटलं, हा माणूस एका चुकलेल्या बसवर संसार थाटतोय, तर? तेही बाजूला ठेवलं. आणि सगळ्यात सुरक्षित असं एक लिहिलं, 'आजचा दिवस आनंदात जावो. शुभेच्छा.' यावर मी इतका खूश झालो की स्वतःलाच शाबासकी देऊन घरी गेलो. सकाळी पांढऱ्या-पिवळ्या डेझींचा लहानसा गुच्छ बांधला. (लाल गुलाब नवीन माणसाला द्यायचे नाहीत, ते पेढीवर दागिना गहाण ठेवल्यासारखं होतं.) त्यात ते कार्ड खोचलं, आणि ती यायच्या आत तिच्या मदतनीस मुलीकडे देऊन मोठ्या गाडीभर गुच्छ वाटायला बाहेर पडलो.

बाजूला ठेवलेल्या कार्डांचा गठ्ठा मी गल्ल्याजवळच विसरलो. आता आत्याची बाजू समजून घे. गल्ल्याजवळ आम्ही नमुन्याच्या कार्डांचा ट्रे ठेवतो. ज्याला स्वतः सुचत नाही त्यानं त्यातलं एक उचलायचं, खाली नाव घालायचं, की झालं. त्या दिवशी ट्रे पहिल्या तासातच रिकामा झाला. आत्यानं इकडेतिकडे बघितलं, तिला माझ्या हस्ताक्षरातला ताजा गठ्ठा दिसला, आणि 'पोरानं रात्री जागून नवीन माल केला' असं कौतुकानं म्हणत तिनं तो सगळाच्या सगळा ट्रेमध्ये मांडला. आत्या दुकानातली कुठलीही वस्तू विकू शकते. एकदा तिनं माझा छत्रीचा दांडा 'सजावटीचा बांबू' म्हणून विकला होता, ते तुला आठवत असेलच.

दुपारी मी परत आलो तर फोन वाजत होता. एका बाईंचा. वय झालेलं, आवाज भरून आलेला. त्यांच्या नवऱ्यानं, निवृत्त बसचालकानं, फुलं पाठवली होती आणि कार्डावर लिहिलं होतं की उरलेले सगळे दिवस तुझेच झाले. बाई विचारत होत्या, हे नक्की त्यांनीच लिहिलं का, की ते कुठल्या आजाराची बातमी हळूहळू सांगताहेत? कारण लग्नापासून त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य निघालेलं नव्हतं. मी म्हटलं, मनापासूनच लिहिलंय, तब्येत छान आहे. फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला: हे वाक्य तर माझं! तेवढ्यात दुसरा फोन. एका हिशेबनीसाची होणारी बायको. तिला फुलं आली होती आणि कार्ड होतं, 'मी फुलं विकतो, ही मात्र फुकट.' तिला दोन गोष्टी समजून घ्यायच्या होत्या: तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं नोकरी कधी सोडली, आणि ती स्वतः फुकटात का गेली? त्या फोनवर मी जे काही बोललो ते मला आता आठवत नाही, पण त्यांचं लग्न अजून ठरलेलं आहे असं ऐकतो.

मी ट्रेपाशी धावलो. डोळ्यांचं वर्णन गेलं होतं, 'तुम्ही'वालं गेलं होतं, (ते बहुधा खरंच कोणा घरमालकाला गेलं असावं), नुसत्या नावाचं मात्र पडून होतं, कारण त्या नावाची दुसरी बाई कोणाकडेच नव्हती. आणि बसचं कार्ड नव्हतं.

ताई, बाकीच्या कार्डांचं मला हसू आलं, पण त्या एकाचं आलं नाही. म्हणजे आता कोणीतरी अनोळखी माणूस कोणा अनोळखी बाईला आमची बस चुकल्याचं सांगत होता. तो बाक आमचा, तो बिस्किटाचा पुडा आमचा, आणि मी भित्रेपणानं ते कार्ड बाजूला टाकलं म्हणून ते बाजारात गेलं. मी आत्याला विचारलं, ते कोणी नेलं? तर आत्या म्हणाली, गिऱ्हाइकाचं नाव कोणाला सांगायचं नाही, हा तुझाच नियम आहे. नियम माझा आहे खरा, तोही मोठ्या अक्षरांत गल्ल्यामागे लावलेला. मी गयावया केली. आत्यानं बोट नियमाकडे दाखवलं आणि तोंड फिरवून गुलाबांच्या दांड्या कापायला लागली. आत्याला हसू दाबताना मी तेव्हा पाहिलं, पण मला वाटलं काटा टोचला असेल.

संध्याकाळी दुकानात जरा शांतता झाली तशी आत्यानं खालून एक गुच्छ काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, तुझ्या नावानं आलाय. पांढऱ्या-पिवळ्या डेझी. आमच्याच दुकानाचा कागद. काडीच्या चिमट्यात कार्ड, माझ्याच हस्ताक्षरातलं: त्या दिवशी बस चुकली ते फार बरं झालं.

आता तू म्हणशील, अरे वा. पण तू फुलांच्या धंद्यात नाहीस. आमच्या धंद्यात पाठवलेला गुच्छ कार्डासकट दुकानात परत येतो तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो: घेणाऱ्यानं नाकारला. वर्षातून दोन-चार वेळा येतातच असे. पाठवणाऱ्याला ते कळवायचं धाडस मला होत नाही, म्हणून ते काम आत्या करते. मी लगेच सगळं जुळवलं. तिनं सकाळी माझी फुलं घेतली असणार. दुपारी काही कामानं आमच्या दुकानात आली असणार. ट्रेमध्ये तिला आमची खासगी बस नमुना म्हणून विकायला ठेवलेली दिसली असणार. आणि रागानं तिनं ते कार्ड माझ्या फुलांना लावून सगळंच परत पाठवलं. किती चोख हिशोब! एवढ्या वर्षांचा अनुभव गाठीशी असल्यामुळे मला एका क्षणाचीही शंका आली नाही. मी गुच्छ उचलला, रस्ता ओलांडला, आणि औषधांच्या दुकानात शिरलो.

तिथे रांग होती. पुढे तिघं-चौघं, आणि माझ्यामागून आलेले एक खोकणारे गृहस्थ, एक आई आणि तिच्या कडेवर कान दुखणारं बाळ. मी गुच्छ छातीशी धरून रांगेत उभा राहिलो. गुच्छ बघूनही कोणी मला पुढे जाऊ दिलं नाही. काउंटरमागे ती मात्र शांत. चिठ्ठी हातात घेते, एक नजर टाकते आणि डब्यांच्या भिंतीतून नेमका डबा काढते. डॉक्टरांचं ते मुंग्या चालल्यासारखं अक्षर ती सरळ वाचते. कुठल्या डॉक्टरांचं आहे हेही अक्षरावरून सांगते. (ही गोष्ट मला माहीत होती. ती इथे उपयोगी पडणार आहे हे मात्र मला तेव्हा माहीत नव्हतं.) माझा नंबर आल्यावर तिनं विचारलं, काय देऊ? मी मघापासून पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकलं. की ट्रेचं काम आत्याचं, गठ्ठा माझा, चूक माझी, आणि तुम्ही फुलं परत केलीत ते योग्यच केलंत, मला काहीही म्हणायचं नाही. मागे खोकणाऱ्या गृहस्थांचा खोकला थांबला. सगळं दुकान ऐकत होतं.

"परत कुठे केली?" ती म्हणाली. "माझी इथे आहेत." तिनं मागे बोट दाखवलं. खोकल्याच्या बाटल्यांच्या फळीवर, पाण्याच्या ग्लासात, माझ्या सकाळच्या डेझी उभ्या होत्या. ग्लासाला टेकून माझं ते सुरक्षित कार्ड. "सकाळी हे वाचलं तेव्हा मला वाटलं बँकेकडून आलंय," ती म्हणाली, "खाली सही बघितली तेव्हा तुमचं निघालं."

मग तिनं सांगितलं. दुपारी ती माझ्यासाठी फुलं घ्यायला आमच्याच दुकानात आली होती. दुसऱ्या फुलवाल्याकडून घेतली असती तर मला वाईट वाटलं असतं, म्हणून. सकाळच्या डेझी तिला आवडल्या होत्या, म्हणून तशाच घेतल्या. काय लिहावं, किती लिहावं हे तिलाही कळत नव्हतं, म्हणून ट्रेपाशी गेली. अक्षर तिनं पहिल्या कार्डालाच ओळखलं. सगळी वाचली. आणि बसचं कार्ड वाचताना तिच्या शेजारी एक माणूस उभा होता आणि तोही तेच कार्ड वाचत होता.

"त्यानं हात पुढे केला," ती म्हणाली, "म्हणून मी आधी उचललं. आमचं होतं ते." आणि मग आवाज खाली आणून, रांगेला ऐकू जाऊ नये एवढा, पण त्या दुकानात त्या वेळी टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, म्हणून सगळ्यांनी ऐकलं: "बाकीची तू घाबरून लिहिलीस. हे एवढं नाही."

कार्ड लिहून देण्यात माझा हात धरणारा कोणी नाही असा तो मी, खोकल्याच्या रांगेत उभा राहून एकही शब्द सुचत नाही अशा अवस्थेत होतो. ती म्हणाली, मागे लोक थांबलेत. आणि म्हणाली, कार्ड उलटून बघितलंस का? मी म्हटलं, कार्ड उलटून कोणी बघत नाही. कान दुखणारं बाळ कडेवर घेतलेल्या बाईंनी माझ्या हातातून गुच्छ घेतला, कार्ड चिमट्यातून काढलं, उलटलं आणि मला वाचून दाखवलं. (मी म्हटलं होतं ना, ज्याचं कार्ड असतं तो कधीच पहिला वाचत नाही.) मागे, औषधाच्या पाकिटावर गोळ्या कधी घ्यायच्या ते लिहितात तसल्या ठसठशीत, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'पुढची बस चुकवायला कधी जायचं?'

तर ताई, सगळं उत्तम आहे. माझं शास्त्र शंभर टक्के बरोबर आहे हे यावरून सिद्ध झालं. फक्त आता कार्डात एक प्रश्न विचारायला हरकत नाही असं मी गिऱ्हाइकांना सांगतो, आणि मागची बाजूही वापरा म्हणतो, आणि 'पुढचीही' हा शब्द चालतो. बाकी सगळं पूर्वीसारखंच. भावजींना सांग, जिना टाळा. भाचीला परीक्षेबद्दल न विचारता आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण राहूनच गेलं. तिच्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. कोरं कार्ड समोर घेऊन बसलो आहे आणि किती लिहावं हे कळत नाही. तू लहानपणापासून मोजकं बोलतेस. एक ओळ सुचव. फार गोड नको, फार कोरडी नको. जमल्यास लगेच कळव.

ता. क. दुसरा. सुचवू नकोस. मी हे लिहीत असताना ती आली, पूर्ण पत्र वाचलं (ताईचं पत्र आहे, वाचू नकोस म्हटलं, तर म्हणाली अक्षर ओळखीचं आहे) आणि म्हणाली, फार लांबलंय. एवढं सगळं एका कार्डात मावलं असतं. (आत्यानंही मान डोलावली.) तिनं पत्राच्या मागे काहीतरी लिहिलंय आणि मला बघू देत नाही. पान उलट.

(मागच्या बाजूला, स्वच्छ अक्षरात)

ताई, रविवारी दोघं येतोय. बसनं. उशीर झाला तर वाट बघू नका, जेवून घ्या.